एकच व्हीएमसी आणि पाच जॉब, आधी कुठला लावायचा?

कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्कच्या शॉपमध्ये नवीन लागलेल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते की मशीन एक आहे आणि "माझा आधी लाव" म्हणणारे पाच आहेत. मी सुरवातीला जो जास्त फोन करेल त्याचा जॉब लावायचो, आणि त्यात एका पार्टीचा छोटासा चार तासाचा जॉब नऊ दिवस रॅकवर पडून राहिला होता, का तर तो माणूस बिचारा फोनच करत नव्हता. त्यानंतर मी वहीत रेघा मारून क्रम लावायला शिकलो. तेच इथं लिहितोय, एका आठवड्याचे पाच जॉब घेऊन, म्हणजे तुम्हाला कागद पेन घेऊन सोबत करता येईल.

दोन नियम आहेत. एक एसपीटी, म्हणजे ज्याला कमी वेळ लागतो तो आधी. दुसरा ईडीडी, म्हणजे ज्याची तारीख आधी तो आधी. दोन्ही शिकायला पाच मिनिटं लागतात, पण कुठला कधी वापरायचा ह्यात लोक गंडतात कारण दोन्ही वेगवेगळा आकडा कमी करतात आणि आपल्याला कुठला आकडा दुखतोय हेच आपण ठरवलेलं नसतं.

आधी यादी करा, तासात

सोमवारी सकाळी ८ वाजता माल हजर आहे, ड्रॉइंग हजर आहे, टूल हजर आहे, असेच जॉब यादीत घ्यायचे. कास्टिंग फौंड्रीतून यायचंय असला जॉब यादीत घेऊ नका, त्याचं पुढं बोलू. शिफ्ट ८ ते ४:३०, मधी अर्धा तास जेवण, म्हणजे दिवसाचे ८ तास. रविवार सुट्टी. मग तारखा पण मशीनच्या तासातच लिहायच्या: मंगळवार संध्याकाळ म्हणजे १६, बुधवार २४, गुरुवार ३२, शुक्रवार ४०, शनिवार ४८. हे करायला कंटाळा करू नका, कारण एकीकडं तास आणि दुसरीकडं तारीख लिहिली की वजाबाकी करताना हमखास चूक होते.

| जॉब | लागणारा वेळ (तास) | द्यायचा तास |
|---|---|---|
| १. फवारणी ब्लोअरचं गिअर हाऊसिंग | १२ | ४० |
| २. साखर कारखान्याचे बेअरिंग ब्लॉक | २० | २४ |
| ३. हळद पॉलिशच्या ड्रमचे फ्लँज | ४ | ४८ |
| ४. डाय प्लेट | ६ | १६ |
| ५. पंपाचं कव्हर | १० | ३२ |

वेळेत सेटिंग धरलेलं आहे. जॉब क्लॅम्प करणं, डायल लावणं, झिरो घेणं, पहिला पीस चेक करणं, सगळं. फक्त सायकल टाइम लिहिला तर तुमची सगळी यादी खोटी, कारण छोट्या लॉटमध्ये निम्मा वेळ सेटिंगच खातंय.

सगळ्यांची बेरीज ५२ तास. क्रम कुठलाही लावा, मशीन ५२ व्या तासालाच मोकळं होणार, म्हणजे पुढच्या सोमवारी दुपारी १२ ला. हे मालकाला आधीच सांगून टाका, कारण क्रम बदलला की काम लवकर संपतं असं बऱ्याच जणांना वाटतं. काम तेवढंच आहे, कोण किती थांबतो एवढंच बदलतंय.

काय मोजायचं

फ्लो टाइम म्हणजे जॉब शॉपमध्ये किती तास राहिला. सगळे जॉब शून्य तासाला हजर आहेत त्यामुळं जॉब ज्या तासाला संपला तोच त्याचा फ्लो टाइम. पाचही जॉबचे संपायचे तास मिळवून पाचनं भागलं की सरासरी फ्लो टाइम.

लेटनेस म्हणजे संपायचा तास वजा द्यायचा तास. अधिक आला तर उशीर, वजा आला तर लवकर झाला. हा वजा आकडा लक्षात ठेवा, पुढं तोच फसवतो. उशीर तेवढाच मोजायचा आणि लवकर झालेल्याला शून्य धरायचं असेल तर त्याला टार्डीनेस म्हणतात, त्याचा हिशोब वेगळा.

आधी आले तसे लावून बघू, म्हणजे १, २, ३, ४, ५. संपायचे तास १२, ३२, ३६, ४२, ५२. बेरीज १७४, सरासरी ३४.८. डाय प्लेट मंगळवारी द्यायची होती ती २६ तास लेट, पंपाचं कव्हर २० तास लेट. हा झाला नुसता रांगेचा कारभार.

एसपीटी लावा

वेळ बघायचा, तारखेकडं ढुंकून पण बघायचं नाही. ४, ६, १०, १२, २०. म्हणजे फ्लँज, डाय प्लेट, पंप कव्हर, हाऊसिंग, शेवटी बेअरिंग ब्लॉक. संपायचे तास ४, १०, २०, ३२, ५२. बेरीज ११८, सरासरी २३.६. नुसता क्रम बदलून सरासरी ११ तासांनी खाली आली, मशीन तेच, ऑपरेटर तोच.

का होतं असं? पिठाच्या गिरणीत बघितलंय का, एकानं वीस किलो ज्वारी आणलीय आणि मागं एक म्हातारी दोन किलो गहू घेऊन उभी आहे. वीस किलोवाला आधी गेला तर म्हातारी वीस किलोचा वेळ थांबते. म्हातारी आधी गेली तर वीस किलोवाला फक्त दोन किलोचा वेळ थांबतो. दोघांची मिळून गिरणी तेवढाच वेळ चालते पण थांबण्याची बेरीज दुसऱ्या पद्धतीत कमी. आता कुठल्याही क्रमात शेजारशेजारचे दोन जॉब बघा, मोठा पुढं आणि छोटा मागं असेल तर त्यांची अदलाबदल केल्यावर बेरीज कमीच होते, आणि बाकीच्यांना काही फरक पडत नाही. अशी अदलाबदल करत गेलं की शेवटी लहान ते मोठा हाच क्रम उरतो. म्हणून एका मशीनवर, सगळे जॉब हजर असताना, एसपीटीपेक्षा कमी सरासरी फ्लो टाइम कुणालाच काढता येत नाही.

ह्याचा शॉपमध्ये एक दिसणारा फायदा आहे. फ्लो टाइमची बेरीज भागिले एकूण तास केलं की सरासरी किती जॉब शॉपमध्ये पडून होते ते मिळतं. एसपीटीला ११८ भागिले ५२, म्हणजे जवळपास सव्वादोन. आले तसे लावले तर १७४ भागिले ५२, म्हणजे सव्वातीनच्या थोडं वर. जागा कमी असेल, किंवा जॉब गेल्याशिवाय बिल करता येत नसेल, तर हा आकडा खिशाला लागतो.

आता लेटनेस बघा. फ्लँज वजा ४४, डाय प्लेट वजा ६, कव्हर वजा १२, हाऊसिंग वजा ८, आणि बेअरिंग ब्लॉक अधिक २८. चार जॉब वेळेत, एकच लेट, पण तो बुधवारी द्यायचा होता आणि जातोय पुढच्या सोमवारी दुपारी. गाळप सुरू व्हायच्या तोंडावर कारखान्याच्या माणसाला हे सांगून बघा काय ऐकायला मिळतं.

ईडीडी लावा

आता फक्त तारीख बघायची. १६, २४, ३२, ४०, ४८. म्हणजे डाय प्लेट, बेअरिंग ब्लॉक, कव्हर, हाऊसिंग, फ्लँज. संपायचे तास ६, २६, ३६, ४८, ५२. बेरीज १६८, सरासरी ३३.६. लेटनेस वजा १०, अधिक २, अधिक ४, अधिक ८, अधिक ४.

म्हणजे सरासरी फ्लो टाइम जवळजवळ आले तसे लावल्याएवढाच वाईट, आणि पाचपैकी चार जॉब लेट! पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं माझं गणित चुकलंय. तारखेप्रमाणे लावून तारखाच चुकतात हे काय राव. पण ईडीडी किती जॉब लेट झाले हे मोजतच नाही, सगळ्यात जास्त लेट झालेला जॉब किती लेट झाला एवढंच ते कमीत कमी ठेवतं. एसपीटीत तो आकडा २८ होता, इथं ८ आहे. १९५५ साली जे. आर. जॅक्सननं हे मांडलं, म्हणून त्याला जॅक्सनचा नियम पण म्हणतात.

८ पेक्षा कमी होणारच नाही ह्याची खात्री अशी करा. डाय प्लेट, ब्लॉक, कव्हर आणि हाऊसिंग ह्या चौघांचे मिळून तास ४८. ह्या चौघांपैकी कुणाचीच तारीख ४० च्या पुढं नाही. मग कसाही क्रम लावा, ह्या चौघांतला जो शेवटी संपेल तो ४८ च्या आधी संपू शकत नाही, आणि त्याची तारीख जास्तीत जास्त ४०. म्हणजे कुणीतरी ८ तास लेट होणारच. मालक "नीट प्लॅन केलं असतंस तर झालं असतं" म्हणाले की हा हिशोब पुढं ठेवायचा.

सरासरी लेटनेसच्या नादाला लागू नका

इथं नवीन पोरं हमखास फसतात. एसपीटीचा सरासरी लेटनेस काढा, वजा ८.४ येतो. ईडीडीचा येतो अधिक १.६. मग कुणीतरी म्हणतं की बघा, एसपीटी तारखांना पण चांगलंय. अजिबात नाही. फ्लँज ४४ तास आधी झाले त्याचे वजा ४४ त्या बेअरिंग ब्लॉकच्या अधिक २८ ला गिळून टाकतात. फ्लँजवाल्याला शनिवारच्या ऐवजी सोमवारी माल मिळाल्याचा कारखान्यावाल्याला काय उपयोग?

गंमत अशी की सरासरी लेटनेस म्हणजे सरासरी फ्लो टाइम वजा तारखांची सरासरी. आपल्या तारखांची सरासरी ३२. २३.६ वजा ३२ म्हणजे वजा ८.४, आणि ३३.६ वजा ३२ म्हणजे १.६. तारखांची सरासरी क्रमानं बदलत नाही, त्यामुळं सरासरी लेटनेस हा फ्लो टाइमच दुसरा शर्ट घालून आलाय, त्यात एसपीटी कायम जिंकणार. पण ह्याचा एक चांगला उपयोग आहे, तो म्हणजे ताळा. दोन्हीकडनं आकडा जुळला नाही तर तुमची कुठंतरी बेरीज चुकलीय, परत करा.

म्हणून तीन आकडे शेजारी शेजारी लिहा: सरासरी फ्लो टाइम, सगळ्यात मोठा लेटनेस, आणि किती जॉब लेट. एसपीटी: २३.६, २८, एक. ईडीडी: ३३.६, ८, चार. मग निर्णय घ्या. ह्या आठवड्यात एसपीटीत एकच जॉब लेट झाला हा योग आहे, नियम नाही. सगळे मोठे जॉब लांबच्या तारखेचे असतात तेव्हा एसपीटी आणि ईडीडी एकच क्रम देतात आणि भांडणच मिटतं. कमीत कमी जॉब लेट करायचे असतील तर त्याला मूर आणि हॉजसनची वेगळी पद्धत आहे, ती इथं काढत नाही.

मग करायचं काय

मी आधी ईडीडी लावतो आणि सगळ्यात मोठा लेटनेस बघतो, कारण तो आकडा म्हणजे सरळ ओव्हरटाइम आहे. ८ आला म्हणजे ८ तास जादा मशीन चालवलं की सगळे वेळेत. जादा तास कुठल्या दिवशी काढायचे ते पण कळतं: बेअरिंग ब्लॉक २ तास लेट आहे म्हणून बुधवारपर्यंत २ तास जादा, गुरुवारी आणखी २, शुक्रवारी आणखी ४. बुधवारी साडेसहापर्यंत थांबलं की ब्लॉक त्याच दिवशी गाडीत. सगळं काम शनिवारी दुपारी १२ ला संपतं, उरलेला अर्धा दिवस मशीन साफ करा नाहीतर पुढचं सेटिंग लावा. एसपीटीच्या क्रमात सगळे वेळेत करायचे म्हटलं तर तीन दिवसात २८ तास जादा काढायला लागतील, म्हणजे सोमवार मंगळवार रात्रभर मशीन चालवूनसुद्धा अवघडच. ऑपरेटर मामा दुसऱ्या दिवशी येणारच नाहीत.

ओव्हरटाइम जमत नसेल, समजा त्या आठवड्यात माणूस नाही, तर पार्ट्यांना फोन करून विचारा की किती तास चालतील. समजा सगळ्यांनी मिळून सांगितलं की १२ तास इकडं तिकडं चालेल. मग मागनं भरत यायचं, ही युक्ती १९५६ ला डब्ल्यू. ई. स्मिथनं दिली. प्रत्येकाच्या तारखेत १२ मिळवा: हाऊसिंग ५२, ब्लॉक ३६, फ्लँज ६०, डाय प्लेट २८, कव्हर ४४. आता शेवटची जागा ५२ व्या तासाला संपणार. तिथं कोण चालेल? ज्याची वाढवलेली तारीख ५२ किंवा जास्त आहे तो, म्हणजे हाऊसिंग किंवा फ्लँज. त्यातला मोठा घ्या, हाऊसिंग. ते काढलं की ४० तास उरले. ४० ला कोण चालेल? फ्लँज किंवा कव्हर, मोठं कव्हर. मग ३० उरले, तिथं ब्लॉक आणि फ्लँज चालतात, मोठा ब्लॉक. मग १० उरले, तिथं डाय प्लेट, आणि सगळ्यात पुढं फ्लँज.

क्रम झाला फ्लँज, डाय प्लेट, ब्लॉक, कव्हर, हाऊसिंग. संपायचे तास ४, १०, ३०, ४०, ५२, बेरीज १३६, सरासरी २७.२. सगळ्यात मोठा लेटनेस १२, तीन जॉब लेट. ईडीडीपेक्षा फक्त ४ तास जास्त सूट घेतली आणि सरासरी ३३.६ वरनं २७.२ वर आली. गंमत म्हणजे ९, १० किंवा ११ तासांची सूट घेतली असती तर काहीच हललं नसतं, ईडीडीचाच क्रम आला असता, कारण हाऊसिंग शेवटी ढकलायला बरोबर १२ च लागतात. असे टप्पे असतात, म्हणून दोन तीन आकडे टाकून बघायचे.

एक सांभाळा. ह्यात लेटनेस मशीनच्या तासात आहे. हाऊसिंग शुक्रवारच्या ऐवजी सोमवारी दुपारी जातंय, कागदावर १२ तास पण पार्टीच्या कॅलेंडरवर तीन दिवस, मधी रविवार येतो. फोनवर तास सांगू नका, वार सांगा.

कुठं बिघडतंय

एसपीटीवर जास्त दिवस चाललं की मोठा जॉब कुजतो. रोज नवीन छोटे जॉब येतात आणि ते वीस तासवाल्याच्या पुढं उड्या मारतात. ओळखायची खूण सोपी आहे: रॅकवरच्या जॉब कार्डावर आल्याची तारीख लिहा आणि सोमवारी सगळ्यात जुनं कार्ड कुठलं ते बघा. एकच कार्ड दोन सोमवार सगळ्यात जुनं निघालं तर नियम बाजूला ठेवून ते लावा. माझा तो नऊ दिवसवाला उलटा होता, छोटा असून कुजला, पण तिथं नियमच नव्हता.

वेळेचा अंदाज चुकला तर? एसपीटीला बरोबर आकडा लागत नाही, फक्त कोण मोठा कोण छोटा एवढं लागतं. कव्हर १० आणि हाऊसिंग १२ धरलं आणि खरं निघालं उलटं, तर फ्लो टाइमच्या बेरजेत फक्त २ तासाचं नुकसान, पाच जॉबवर सरासरी ०.४. पण फ्लँज ४ तासाचे धरले आणि निघाले १४ तर सगळेच दहा दहा तास मागं गेले. ईडीडीचा क्रम लावायला जॉबचा वेळ माहीत असायला लागतच नाही, तारीख पुरते, म्हणून अंदाज अजून बसलेला नसताना नवीन माणसानं ईडीडीवर राहिलेलं बरं. उशीर किती होणार ते मात्र चुकेलच.

सेटिंग क्रमावर अवलंबून असेल, म्हणजे दोन जॉब एकाच फिक्स्चरवर बसतात आणि लागोपाठ घेतले की दोन तास वाचतात, तर दोन्ही नियम नुसते धरून चालणार नाहीत, कारण एकूण ५२ तासच बदलतात. मी असे दोन जॉब एक जॉब धरतो, वेळ दोघांचा मिळून वजा वाचलेले तास, तारीख दोघांतली आधीची, आणि परत यादी लावतो. दरवेळी हेच सगळ्यात चांगलं असतं असं नाही, पण वहीवर जमतं.

आणि ते कास्टिंग यायचं राहिलेले जॉब. वर जे काही सिद्ध केलं ते सगळे जॉब हजर असतानाच. समजा मशीन मोकळं आहे, समोर फक्त वीस तासाचा ब्लॉक आहे आणि फौंड्रीची गाडी अर्ध्या तासात चार तासाचा जॉब घेऊन येतेय, तर सरासरीसाठी अर्धा तास मशीन रिकामं ठेवून थांबलेलं परवडतं. पण गाडी खरंच माधवनगरच्या पुढं आलीय का अजून लोडच व्हायचीय हे ड्रायव्हरला फोन लावून विचारा, फौंड्रीच्या ऑफिसला नाही.